पाइपमधला प्रवाह आणि पंप: सूत्रामागचं गृहीतक तपासणारे प्रश्न कसे काढावेत?

मॅनोमीटर

नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला फ्लुइड मेकॅनिक्स शिकवते. पेपर तपासताना दरवर्षी तेच दिसतं: मुलं सूत्र बरोबर लिहितात, आकडे बरोबर घालतात, एकक सांभाळतात, पण ते सूत्र या ठिकाणी चालतं का हे कोणीच विचारत नाही. चूक त्यांची एकट्यांची नाही. आपले प्रश्नच असे असतात की ज्या धड्याखाली प्रश्न, त्या धड्यातलं सूत्र.

म्हणून यंदा असे प्रश्न काढतेय की जिथे नेहमीचं सूत्र लावलं की उत्तर येतं, पण त्या उत्तरातच खोट असते आणि ती शोधायला मुलाकडे साधन असतं. दोन तयार केलेत. कृपया सोडवून पाहा आणि कुठे फाटतात ते सांगा.

पहिला. टाकीच्या तळाजवळ १० मिमी आतल्या व्यासाची, २ मीटर लांब गुळगुळीत आडवी नळी. टाकीतलं पाणी नळीच्या पातळीपेक्षा १ मीटर वर, दुसरं टोक हवेत उघडं. पाण्याची श्यानता ०.००१ पास्कल-सेकंद. हेगन-पॉइझुईच्या सूत्राने प्रवाह काढा. मग टॉरिसेलीने, म्हणजे घर्षण अजिबात नाही असं धरून, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग काढा. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून तुमचं मत लिहा.

दुसरा. एका सेंट्रिफ्यूगल पंपाचा वक्र १४५० आरपीएमला खाली दिलाय. तोच पंप दोन वेगळ्या जोडण्यांना लावला आहे. Q लिटर प्रति सेकंदात, H मीटरमध्ये.

```
पंप:     H = 36 - 0.04 Q^2
जोडणी क:  H = 0.32 Q^2
जोडणी ख:  H = 20 + 0.12 Q^2
```

दोन्हीकडे पंप १० लिटर प्रति सेकंद आणि ३२ मीटरवरच चालतो. आता वेग ८० टक्के केला. प्रत्येक जोडणीत प्रवाह किती?

---

तिसरंवर्ष

मॅडम, पहिला सोडवला. पॉइझुईने प्रवाह १.२ लिटर प्रति सेकंद आला. वेग काढला तर १५.३ मीटर प्रति सेकंद. टॉरिसेलीने √(2gh) म्हणजे ४.४३.

आधी वाटलं आकडेमोड चुकली. तीनदा केली. मग लक्षात आलं की घर्षण धरलेलं उत्तर घर्षण न धरलेल्या उत्तराच्या साडेतीनपट येतंय, आणि हे कधीच होऊ शकत नाही. १ मीटर उंचीत तेवढी ऊर्जाच नाही. रेनॉल्ड्स नंबर काढला तर दीड लाखाच्या वर. म्हणजे सूत्र मुळात लागूच नव्हतं.

आम्हाला रेनॉल्ड्स नंबर पहिल्या दिवसापासून शिकवलाय, पण तो नेहमी वेगळ्या प्रश्नात विचारतात: 'प्रवाह लॅमिनार की टर्ब्युलंट ते सांगा.' इथे तो कोणी मागितला नव्हता.

---

घर्षणगुणक

पहिला प्रश्न आवडला, कारण मुलाला खोट सापडायला रेनॉल्ड्स नंबर आठवावाच लागत नाही. ऊर्जेचा हिशेब पुरतो.

फक्त पुढचं पाऊल जोडा, नाहीतर मूल 'सूत्र चुकीचं' म्हणून थांबेल. खरं उत्तर त्याच्याकडून काढून घ्या. १ मीटर उंची तीन ठिकाणी खर्च होते: बाहेर पडणाऱ्या पाण्याची गतिज ऊर्जा, तोंडाशी होणारा तोटा आणि नळीतलं घर्षण. गतिज ऊर्जेला १ आणि धारदार कडेच्या तोंडाला ०.५ धरा. घर्षणगुणक आधी ०.०२८ धरला तर घर्षणाचा वाटा ०.०२८ गुणिले २००, म्हणजे ५.६. बेरीज ७.१. वेग १.६६ मीटर प्रति सेकंद. त्यावरून रेनॉल्ड्स नंबर सुमारे १६,६००, आणि गुळगुळीत नळीसाठी ब्लासियसच्या सूत्राने घर्षणगुणक पुन्हा ०.०२८ च येतो. धरलं ते जुळलं. प्रवाह ०.१३ लिटर प्रति सेकंद.

म्हणजे पॉइझुईचं उत्तर खऱ्याच्या नऊपट होतं. मुलांनी हा नऊचा आकडा स्वतःच्या हाताने काढलेला असावा. आणि त्या ७.१ मध्ये दीड घर्षणाबाहेरचा आहे, म्हणजे पाचवा हिस्सा. 'मायनर लॉस' हे नाव ऐकून तो सोडून देणारी मुलं इथेच सापडतील.

---

मॅनोमीटर

@घर्षणगुणक, हे जोडते. अजून एक सुचलं: हाच प्रश्न, सगळं तेच, फक्त व्यास २ मिमी. तेव्हा पॉइझुईने वेग ०.६१ मीटर प्रति सेकंद येतो, रेनॉल्ड्स नंबर बाराशेच्या आसपास, आणि सूत्र चालतं. प्रवाह स्थिर व्हायला लागणारी सुरुवातीची लांबी १५ सेंटीमीटरच्या आत, २ मीटरच्या मानाने थोडी. बाहेर जाणारी गतिज ऊर्जा धरली नाही म्हणून ४ टक्क्यांच्या आसपास फरक पडेल, तोही मुलांना शोधू द्यावा. पॉइझुईने प्रयोग केले ते अशा बारीक काचेच्या नळ्यांमध्येच. सूत्र त्याच्या घरात कसं वागतं आणि घराबाहेर कसं, हे एकाच प्रश्नात दिसेल.

आता दुसऱ्याकडे वळू या का? खरी काळजी मला त्याचीच आहे.

---

वाहतंपाणी

दुसरा सोपा वाटला. वेग ८० टक्के म्हणजे पाइपमधल्या पाण्याचा वेग ८० टक्के. क्षेत्रफळ तेच, म्हणून प्रवाह दोन्हीकडे ८ लिटर. यात पंपाचा वक्र कशाला दिलाय ते कळलं नाही.

---

मॅनोमीटर

@वाहतंपाणी, मला पंपाच्या फेऱ्यांचा वेग म्हणायचं होतं. पण तुम्ही वाचलं तसंही वाचता येतं, आणि परीक्षेत कोणीतरी तसंच वाचेल. प्रश्नात आता 'पंपाच्या फेऱ्या १४५० वरून ११६० आरपीएम केल्या' असं लिहिते. आभार.

---

तिसरंवर्ष

फेरे धरले तरी अ‍ॅफिनिटी लॉने प्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणात, म्हणजे दोन्हीकडे ८ लिटर, हेड ३२ गुणिले ०.६४ म्हणजे २०.४८ मीटर. पॉवर ०.५१२ पट.

क मध्ये तपासलं: ८ लिटरला जोडणीला लागणारं हेड ०.३२ × ६४ = २०.४८. बरोब्बर जुळलं. पण ख मध्ये ८ लिटरला जोडणी मागते २० + ७.६८ = २७.६८ मीटर, आणि पंप देतो २०.४८. सात मीटर कमी पडतात. अ‍ॅफिनिटी लॉ चुकीचा आहे का?

---

जुनापंपवाला

लॉ चुकीचा नाही. तो पंपाबद्दल बोलतो, तुझ्या पाइपलाइनबद्दल नाही. सगळा घोळ इथेच होतो, आणि तीस वर्षं पंपांत घालवलेल्या माणसांकडूनही होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

फेरे बदलले की पंपाच्या जुन्या वक्रावरचा प्रत्येक बिंदू सरकून नव्या वक्रावर येतो: प्रवाह ०.८ पट, हेड ०.६४ पट. जुना १० लिटर–३२ मीटरचा बिंदू सरकून ८ लिटर–२०.४८ मीटरवर येतो, हे अगदी खरं. पण पंप तिथेच चालेल असं लॉ कुठे म्हणत नाही. पंप कुठे चालेल ते पंप आणि जोडणी दोघं मिळून ठरवतात.

हा सरकण्याचा मार्ग शून्यातून जाणारा पॅराबोला असतो. क ची जोडणी स्वतःच शून्यातून जाणारा पॅराबोला आहे. बंद फेरा, पाणी फिरून परत त्याच जागी, वर चढवायचं काही नाही. म्हणून तिथे चालण्याचा बिंदू आणि सरकलेला बिंदू एकच ठरतात. ख मध्ये २० मीटर चढ आहे. तो चढ पंपाच्या फेऱ्या बघून कमी होत नाही.

आता ख नीट सोडव. नव्या फेऱ्यांचा पंप वक्र:

```
H = 23.04 - 0.04 Q^2
20 + 0.12 Q^2 = 23.04 - 0.04 Q^2
Q^2 = 19,  Q = 4.36
```

प्रवाह ४.३६ लिटर प्रति सेकंद. फेरे २० टक्क्यांनी कमी, पाणी ५६ टक्क्यांनी कमी. हेड २२.२८ मीटर.

खात्री करायची तर उलटं जा. ४.३६ ला ०.८ ने भाग, ५.४५. २२.२८ ला ०.६४ ने भाग, ३४.८. जुन्या वक्रात ५.४५ घाल, ३४.८ च येतं. म्हणजे नवा बिंदू हा जुन्या १० लिटरचा वंशज नाही, जुन्या ५.४५ लिटरचा आहे. हे वाक्य मुलाला कळलं की त्याला अ‍ॅफिनिटी लॉ कळला.

---

बचतगट_वीज

जुनापंपवाला यांचं बरोबर आहे, पण एक चांगली बाजू राहिली. घनाच्या नियमाने पॉवर ५१ टक्के येते. इथे प्रवाह आणखी कमी झाला म्हणजे पॉवर त्याहूनही कमी. व्हीएफडी बसवला तर नियम सांगतो त्यापेक्षा जास्त बचत. मी ऑडिटमध्ये हेच दाखवतो.

---

जुनापंपवाला

@बचतगट_वीज, पॉवर कमी होते हे खरं. बचत जास्त होते हे मात्र नाही. आपण आकड्यांनी बघू.

१० लिटरला पंपाची एफिशियन्सी ७० टक्के धरा. पाण्याला मिळणारी पॉवर ३.१४ किलोवॅट, शाफ्टवर ४.४८. घनाच्या नियमाने ८० टक्के फेऱ्यांना २.२९ किलोवॅट.

नव्या बिंदूला पाण्याला मिळते ०.९५ किलोवॅट. पण एफिशियन्सी ७० धरता येणार नाही, कारण हा बिंदू जुन्या ५.४५ लिटरचा आहे आणि तिथे पंप त्याच्या चांगल्या जागेपासून लांब आहे. ५५ टक्के धरू. शाफ्टवर १.७३ किलोवॅट. २.२९ पेक्षा कमी, तुम्ही म्हणता तसं.

पण टाकीत ३६ घनमीटर पाणी चढवायचं आहे. पूर्ण फेऱ्यांना एक तास, ४.४८ युनिट. कमी फेऱ्यांना तासाला १५.७ घनमीटर, म्हणजे जवळपास २ तास १८ मिनिटं, आणि ३.९७ युनिट. वाचले ११ टक्के. घनाच्या नियमावर विसंबून कागदावर काय दिसतं? तासाला २८.८ घनमीटर, ३६ घनमीटरला २.८७ युनिट, ३६ टक्के बचत. ऑडिटमध्ये ३६ लिहून प्रत्यक्षात ११ मिळाले तर ग्राहक पुन्हा फोन उचलत नाही.

मॅडम, माझं मत: प्रश्नात 'पॉवर किती' विचारू नका, 'एक घनमीटर पाण्याला किती ऊर्जा' विचारा. पॉवर विचारली तर चुकीच्या गृहीतकाचं उत्तरही दिसायला बरं दिसतं.

---

बचतगट_वीज

ऊर्जा प्रति घनमीटर ही मांडणी मान्य. बंद फेऱ्याच्या जोडण्यांत मी जे आकडे देतो ते टिकतात, पण टाकी भरणाऱ्या पंपांचे मागचे हिशेब मला परत बघावे लागतील. त्यात स्टॅटिक हेड मी कधी वेगळं काढलेलं नाही.

तुमची ५५ टक्के मात्र धरलेली आहे. वेगळ्या पंपाचा एफिशियन्सी वक्र सपाट असेल तर बचत वाढेल, नाही का?

---

जुनापंपवाला

वाढेल. पण मर्यादा आहे. एफिशियन्सी ७० वरून अजिबात हलली नाही असं धरलं तरी एका घनमीटरची ऊर्जा हेडच्या प्रमाणातच उतरेल: ३२ वरून २२.२८, म्हणजे ३० टक्के. ३६ कधीच नाही. आणि चढाचे २० मीटर तर द्यावेच लागतात.

---

रात्रपाळी

मी शिकवत नाही, प्लांटमध्ये ऑपरेटर आहे. पण वरचं वाचून आमच्याकडचं एक कोडं आठवलं. वरच्या टाकीला पाणी चढवणारा पंप व्हीएफडीवर आहे. रात्री पाणी कमी लागतं म्हणून कोणीतरी ३५ हर्ट्झवर सेट केला. सकाळी टाकी रिकामी. पंप चालू, आवाज नेहमीचा, गेज व्यवस्थित दाब दाखवतोय. केसिंगला हात लावला तर चटका बसला. सक्शनमध्ये हवा शिरली असं धरून आम्ही दोन दिवस सक्शनची सील बघत बसलो. हे त्याच प्रकारचं आहे का?

---

जुनापंपवाला

@रात्रपाळी, गेज नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या अलीकडे होता की पलीकडे?

---

रात्रपाळी

पलीकडे, टाकीच्या बाजूला. आता तुम्ही विचारल्यावर लक्षात येतंय, पंप बंद असतानाही तो काटा तिथेच असतो.

---

जुनापंपवाला

मग तो गेज टाकीपर्यंतच्या पाइपात उभ्या असलेल्या पाण्याचं वजन दाखवत होता, पंपाचं काम नाही.

मॅडमच्या प्रश्नातल्या पंपावर बघा, म्हणजे तुमचंही कळेल. प्रवाह शून्य असताना पंपाचं हेड ३६ मीटर. ३५ हर्ट्झ म्हणजे ५० च्या ०.७ पट (मोटरची स्लिप सोडून देऊ), हेड ०.४९ पट, १७.६ मीटर. व्हॉल्व्हच्या पलीकडे २० मीटर पाणी दाबून बसलंय. अलीकडे १७.६ चा जोर लावून ते दार उघडत नाही. पंप आतलं तेवढंच पाणी घुसळत राहतो आणि मोटरची सगळी पॉवर त्या थोड्या पाण्यात उष्णता होऊन जिरते. केसिंग तापते ती त्यामुळे. या पंपाला पाणी चढायला किमान फेरे हवेत १४५० गुणिले √(२०/३६), म्हणजे १०८०, साधारण ३७ हर्ट्झ.

हवा शिरली असती तर सहसा आवाज आणि अँपिअर अस्थिर होतात. तुमचा आवाज स्थिर होता, तीच खूण. गेज व्हॉल्व्हच्या अलीकडे, पंपाच्या तोंडाशी घ्या. आणि व्हीएफडीमध्ये किमान फ्रीक्वेन्सी त्या मर्यादेच्या बऱ्यापैकी वर लॉक करा, कारण मर्यादेवर चालवलं तर पाण्याची धार नावालाच येते आणि पंप तापतोच.

---

मॅनोमीटर

@रात्रपाळी, तुमची हकिकत मला प्रश्नाचा तिसरा भाग म्हणून वापरायची आहे, चालेल ना? असा लिहीन: 'जोडणी ख मध्ये पंप १०१५ आरपीएमला चालवला. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना एकेक गेज आहे. प्रत्येक गेज किती दाखवेल?' जे मूल समीकरण डोळे मिटून सोडवेल त्याला Q² ऋण मिळेल, आणि तिथे त्याला थांबून विचार करावा लागेल की ऋण वर्गाचा अर्थ काय. उत्तर अलीकडे १७.६, पलीकडे २० मीटर.

---

रात्रपाळी

जरूर वापरा. आमच्या नव्या मुलांनाही देईन.

---

तिसरंवर्ष

मॅडम, ख मध्ये व्हॉल्व्हच नसता तर?

---

मॅनोमीटर

तर टाकीतलं पाणी फिरत्या पंपातून उलटं खाली आलं असतं, आणि दिलेलं पंपाचं समीकरण तिथे लागूच नाही. ते Q शून्य किंवा धन असतानाचं आहे. छान विचारलंस. हा स्वतंत्र प्रश्न होऊ शकतो: 'या समीकरणात Q = −३ घालता येईल का?'

---

घर्षणगुणक

एक राहिलेलं गृहीतक मांडतो. क मध्ये ०.३२ स्थिर धरलाय, म्हणजे घर्षणगुणक प्रवाहाबरोबर बदलत नाही. खडबडीत पाइपात मोठ्या रेनॉल्ड्स नंबरला ते खरं. गुळगुळीत पाइपात हेड Q च्या १.७५ व्या घाताने चढतं. तसं धरून क पुन्हा सोडवला. ८ ऐवजी ७.७८ लिटर आलं.

हेही मुलांकडून करून घ्यावं असं वाटतं, पण वेगळ्या कारणासाठी. घर्षणाचं गृहीतक मोडलं तर उत्तर तीन टक्क्यांनी हललं. चढ नाही हे गृहीतक मोडलं तर ८ चं ४.३६ झालं. नुसती गृहीतकांची यादी लिहायला सांगितली तर मुलं दोन्ही एका ओळीत, एकाच वजनाने लिहितात.

---

मॅनोमीटर

हे फार पटलं. मग प्रश्न असा: 'दोन गृहीतकं एकेक करून मोडा आणि कोणतं महाग पडतं ते आकड्याने सांगा.' घात १.७५ देऊन टाकते, समीकरण अंदाजाने सोडवायला लागेल तेवढं चालेल.

एका गोष्टीवर मात्र माझं ठरत नाहीये. परीक्षेत पहिल्या प्रश्नात 'पॉइझुईने काढा' असं मीच सांगते आणि ते सूत्र तिथे चालत नाही. सहकारी म्हणतात ही फसवणूक आहे, मूल शिक्षकावर विश्वास ठेवून उत्तर लिहितं. त्यात तथ्य आहे. सूचना काढून नुसतं 'प्रवाह काढा' लिहिलं तर अर्धी मुलं आपोआप मूडी चार्ट उघडतात आणि प्रश्न साधा होतो.

---

घर्षणगुणक

मी परीक्षेत तसं लिहिणार नाही. वर्गात, गुण नसताना, जरूर. परीक्षेत 'एका विद्यार्थ्याने पॉइझुईने १.२ लिटर काढलं, त्याचं उत्तर तपासा' असं लिहा. चूक दुसऱ्याची झाली की मुलं मोकळेपणाने शोधतात.

---

तिसरंवर्ष

मला उलट वाटतं. 'तपासा' म्हटलं की चूक आहे हे आधीच कळतं. मला वर १५.३ बघून स्वतःच शंका आली, तेव्हा जे कळलं ते 'तपासा' वाचून कळलं नसतं.

---

जुनापंपवाला

मग दोन 'तपासा' द्या, २ मिमीचा आणि १० मिमीचा. एक बरोबर, एक चूक. कोणतं ते त्याने ठरवावं.

बाकी मॅडम, एफिशियन्सीबद्दल एक: सरकलेल्या बिंदूला जुन्या बिंदूचीच एफिशियन्सी धरतो, तेही गृहीतकच आहे. फेरे खूप उतरवले की ती थोडी पडते. ८० टक्क्यांना मी दुर्लक्ष करतो. ५० ला करावं का, यावर आमच्यातच एकमत नाही. कोणाकडे एकाच पंपाची दोन वेगांची टेस्ट बेंचवरची वाचनं असतील तर इथे टाका.